पुरुषाशी संबंध नाही, तरी तपासणी कशासाठी?

प्रश्न: मी ३३ वर्षांची आहे. पुरुषाशी माझा कधीच संबंध आलेला नाही. चार वर्षांपासून माझ्या जोडीदारासोबत राहते, तीही बाईच आहे, २८ वर्षांची. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये पॅप स्मिअर होती, पण फॉर्मवर ‘अविवाहित’ बघून सिस्टर म्हणाल्या, ‘तुम्हाला याची गरज नाही.’ जोडीदाराला अधूनमधून अंगावरून पांढरं जातं, मेडिकलमधून गोळ्या आणून घालते. आम्हाला खरंच तपासण्या लागतात का? आणि डॉक्टरांना सांगायचं तरी काय?

उत्तर:

हो, लागतात. तुमची गर्भाशयमुखाची, म्हणजे पिशवीच्या तोंडाची, पॅपसारखी तपासणी आता व्हायला हवी, आणि तुमच्या जोडीदाराला नक्की काय झालंय हे तिला तपासल्याशिवाय कळणार नाही. मेडिकलमधल्या गोळ्या तोपर्यंत थांबवा.

आधी त्या सिस्टरांच्या उत्तराबद्दल बोलते, कारण तेच उत्तर तुम्हाला पुढेही ऐकायला मिळेल. आपल्याकडच्या ओपीडीत ‘लग्न झालंय का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबलेले असतात: संबंध येतात का, दिवस राहू शकतात का, आणि आतून तपासणी करायची का. ‘नाही’ म्हटलं की तिन्हींवर काट बसते. ही समजूत नुसती सामाजिक नाही, तिला वैद्यकाचाही जुना आधार आहे. १८४२ साली रिगोनी-स्टर्न नावाच्या इटालियन डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांत बराच आढळत होता आणि चर्चच्या अविवाहित नन्समध्ये फारच क्वचित. म्हणजे हा आजार शरीरसंबंधाशी जोडलेला आहे, हे निरीक्षण बरोबरच होतं. पण पुढे दीडशे वर्षं ‘संबंध’ याचा अर्थ ‘पुरुषाशी संबंध’ एवढाच धरला गेला.

खरं कारण १९८०च्या दशकात सापडलं. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूला गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये एचपीव्ही हा विषाणू मिळाला आणि त्या कामासाठी २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू वीर्यातून येणारा नाही. तो त्वचेत आणि आतल्या ओलसर आवरणात राहतो. त्याला लागतो तो स्पर्श: अंगाला अंग घासणं, एकीच्या योनीतलं बोट लगेच दुसरीच्या योनीत जाणं, दोघींनी वापरलेला व्हायब्रेटर. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये जीन मराझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांशीच संबंध असलेल्या बायकांची तपासणी केली, तेव्हा ज्यांचा पुरुषाशी कधीच संबंध आला नव्हता अशांमध्येही एचपीव्ही सापडला, आणि काहींच्या गर्भाशयमुखावर कॅन्सरपूर्व बदलही दिसले. त्याच अभ्यासात असंही आढळलं की यातल्या काही बायकांनी पॅप केली नव्हती, कारण डॉक्टरांनीच त्यांना ‘गरज नाही’ असं सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या बाबतीत जे झालं ते तिथेही होत होतं.

यात घाबरण्यासारखं किती आहे? एचपीव्ही बहुतेक जणींना आयुष्यात कधीतरी होतो आणि साधारण दोन वर्षांत शरीर तो आपणहून काढून टाकतं. काही जणींमध्ये तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो आणि तिथेच अडचण सुरू होते. तरीही संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. या मधल्या काळात काहीच दुखत नाही, काहीच दिसत नाही, पण तपासणीत सापडतं आणि ओपीडीतल्या छोट्या उपचाराने निघून जातं. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या १,३०,००० हून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. फक्त एकदा तपासून.

आता तुमच्यासाठी नेमकं काय करायचं ते सांगते. तुमचं वय ३३, तर एचपीव्ही डीएनए तपासणी करा. निगेटिव्ह आली की पाच वर्षं निर्धास्त. जिथे ही तपासणी महाग वाटेल किंवा मिळणार नाही तिथे पॅप स्मिअर, दर तीन वर्षांनी. सरकारी दवाखान्यात ३० ते ६५ वयोगटात दर पाच वर्षांनी व्हीआयए करतात. त्यात पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रव, लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते बघतात. ही तपासणी एचपीव्हीइतकी नेमकी नाही, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगली. तुमच्या जोडीदाराने २८व्या वर्षी पॅप करावी आणि तिशीनंतर एचपीव्हीकडे वळावं. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी जा. आदल्या दोन दिवसांत योनीत कुठलंही औषध घालू नका आणि आत काही जाईल असा संबंधही टाळा, नाहीतर पॅपचा नमुना खराब येतो.

ज्यांच्या आत आधी फारसं काही गेलेलं नाही, त्यांना स्पेक्युलमची, म्हणजे योनी उघडून आत बघायच्या साधनाची, सगळ्यात जास्त भीती असते. ती रास्त आहे, पण त्यावर उपाय आहेत. लहान आकाराचं स्पेक्युलम मागा, ते बहुतेक स्त्रीरोगतज्ज्ञांकडे असतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी ते हातात देते, आणि कोणी म्हणालं तर पहिला भाग त्यांना स्वतःलाच आत घालू देते, मग मी फक्त ते उघडते. ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या. हेही जमणार नसेल तर एचपीव्हीचा नमुना स्वतः घेता येतो. मऊ ब्रश किंवा स्वॅब योनीत साधारण बोटभर आत घालून अर्धा मिनिट हळूहळू फिरवायचा आणि बाटलीत ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. काही लॅब हे किट देतात, फोन करून विचारा. पॅपचा नमुना मात्र असा घेता येत नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याचा अर्थ कॅन्सर नाही. एचपीव्हीचा १६ किंवा १८ क्रमांकाचा, सगळ्यात धोक्याचा प्रकार असेल तर दुर्बिणीतून बघायचं, म्हणजे कॉल्पोस्कोपी. दुसरा कुठला धोक्याचा प्रकार असेल तर बहुधा आधी पॅप करतात आणि त्यावर पुढचं ठरतं. आणि इथे एक गोष्ट दोघींनी आधीच बोलून ठेवा. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. त्यामुळे आज आलेल्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून तो कधी आला, कोणाकडून आला, हे कोणीही सांगू शकत नाही. या एका रिपोर्टवरून संशय धरून दुरावलेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत आणि त्या संशयाला वैद्यकात काहीही आधार नव्हता.

आता जोडीदाराच्या पांढरं जाण्याकडे येऊ. स्त्रियांशी संबंध असलेल्या बायकांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार हीच आहे. आणि त्यात सगळ्यात जास्त चुकतं ते हे, की प्रत्येक पांढऱ्या स्रावाला बुरशी समजून क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या घातल्या जातात. बुरशीत सहसा प्रचंड खाज असते, स्राव दह्याच्या गुठळ्यांसारखा असतो आणि वास नसतो. पण स्राव पातळ, करडा-पांढरा असेल, मासळीसारखा वास येत असेल, आणि तो वास पाळीच्या वेळी किंवा संबंधानंतर वाढत असेल, तर ते बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतं. आम्ही त्याला बीव्ही म्हणतो. योनीत एरवी लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जीवाणू आम्ल तयार करतात आणि बाकीच्यांना दाबून ठेवतात. ते कमी झाले की इतर जीवाणू माजतात. त्यावर बुरशीचं औषध चालतच नाही.

एक जोडी सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघीही तिशीच्या आतबाहेर. एकीला वर्षभर पांढरं जात होतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून बुरशीच्या गोळ्या आणि वर ‘इंटिमेट वॉश’ लिहून मिळालं होतं. कुठेही आतून तपासणी झाली नव्हती, कारण फॉर्मवर ‘अविवाहित’ होतं. मी स्राव पीएचच्या पट्टीवर लावला. निरोगी योनीचा पीएच ४.५ किंवा त्याखाली असतो, हिचा त्याच्या बराच वर गेला. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच वास उसळला. मायक्रोस्कोपखाली योनीच्या पेशींच्या कडा जीवाणूंनी इतक्या भरलेल्या होत्या की कडा दिसेनात, यांना क्लू सेल म्हणतात. पातळ एकसारखा स्राव धरून चार खुणा झाल्या. चारपैकी तीन असल्या तरी निदान पक्कं होतं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

जोडीदार बाहेर बसली होती. ‘मला काहीच त्रास नाही’ म्हणाली. तरीही तपासलं, आणि तिच्या काचेवरही तेच चित्र. दोन स्त्रियांच्या जोडीत योनीतले जीवाणू बऱ्याचदा सारखेच होत जातात, म्हणून एकीला बीव्ही असेल तर दुसरीला असण्याची शक्यता बरीच असते. दोघींचा एकच व्हायब्रेटर होता, एकीकडून थेट दुसरीकडे, शेवटी नुसत्या पाण्याने धुतलेला. दोघींना मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस दिलं. या काळात आत काही जाईल असा संबंध बंद. वॉश कायमचा बंद, कारण योनी आतून धुतली की चांगले जीवाणूच आधी जातात. बाहेरून साधं पाणी पुरतं. आणि व्हायब्रेटरवर कंडोम, दुसरीकडे जाताना नवीन. सहा महिन्यांनी त्या पॅपसाठी आल्या, तोवर पुन्हा त्रास नव्हता. हे औषध तुम्ही स्वतःहून घेऊ नका. बीव्ही उलटण्याचं प्रमाण बरंच आहे आणि ट्रायकोमोनास नावाचा परजीवी जवळजवळ अशीच लक्षणं देतो. तोही ओल्या बोटांवरून आणि खेळण्यांवरून एकीकडून दुसरीकडे जातो. तुमच्या जोडीदाराच्या तपासणीत तो आहे का हे आवर्जून बघायला सांगा. जोडीदाराला ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर पुढच्या पाळीची वाट न बघता लगेच जा.

रोजच्या सवयींत काय बदलायचं? बोटांबद्दल आधी: नखं अगदी मुळापर्यंत कापलेली हवीत. नखाने पडलेली बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, पण विषाणूला ती पुरते. हात साबणाने धुवा, आधीही आणि एकीकडून दुसरीकडे जातानाही. बोटावर जखम किंवा सोललेलं असेल तर नायट्राइलचे हातमोजे वापरा, मेडिकलमध्ये डबा मिळतो. गुदद्वाराकडे गेलेलं बोट किंवा खेळणं न धुता, कंडोम न बदलता योनीकडे आणू नका. लघवीचे आणि योनीचे बरेच संसर्ग असेच होतात.

खेळणी घेताना शक्यतो सिलिकॉनची घ्या. मोटर नसलेलं शुद्ध सिलिकॉन पाच-दहा मिनिटं उकळलं की निर्जंतुक होतं. मोटरवालं साबण आणि कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करायचं. स्वस्त जेलीसारख्या मऊ खेळण्यांना बारीक छिद्रं असतात, ती धुऊन पूर्ण साफ होत नाहीत, त्यांवर दर वेळी कंडोमच हवा. ल्यूब, म्हणजे ओलाव्यासाठीचं जेल, पाण्यावर आधारित घ्या. खोबरेल तेल घराघरात असतं म्हणून वापरलं जातं, पण त्याने लॅटेक्सचे कंडोम आणि लॅटेक्सचे हातमोजे दोन्ही कमकुवत होऊन फाटतात.

मुखमैथुनासाठी डेंटल डॅम म्हणजे लॅटेक्सची पातळ चौकोनी पट्टी वापरायला सांगतात, पण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ती सहसा मिळत नाही. घरी करता येते: कंडोम उलगडा, टोक आणि खालची कडी कात्रीने कापून टाका, मग उभा चिरा, चौकोन तयार होतो. खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या, दोघींच्याही तपासण्या झालेल्या जोडप्यांना मी रोज हे वापरा असं सांगत नाही. पण नवीन जोडीदार असेल, दोघींपैकी कोणाला पाळी चालू असेल आणि एचआयव्ही-हिपॅटायटिस तपासलेलं नसेल, किंवा योनीपाशी फोड-जखम असेल, तर वापरा. ओठावर ज्वराचे फोड आलेले असतील तेव्हा मात्र मुखमैथुन पूर्ण टाळा. तोच हर्पिसचा विषाणू खाली जातो आणि एकदा गेला की आयुष्यभर राहतो.

एचआयव्हीबद्दल ‘बायका-बायकांमध्ये होतच नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं. शक्यता खूप कमी आहे, पण शून्य नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१४ साली टेक्सासमधल्या एका जोडीची नोंद प्रसिद्ध केली. एकीला एचआयव्ही होता आणि तिचे उपचार बंद होते. संबंधांत कधी पाळीच्या रक्ताशी संपर्क आला होता आणि दोघी खेळणी वाटून वापरत होत्या. दुसरीला संसर्ग झाला, आणि विषाणूच्या जनुकीय तपासणीत तो पहिलीच्याच विषाणूशी जुळला. उपचार नीट चालू असलेल्या, रक्तात विषाणू दिसत नसलेल्या व्यक्तीकडून संबंधांतून तो पसरत नाही, हेही तितकंच खरं आहे. म्हणून दोघींनी एकदा एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी करून घ्या. तुमच्यापैकी कोणीही पूर्वी पुरुषाशी किंवा इतर स्त्रियांशी संबंध ठेवला असेल तर क्लॅमिडिया-गोनोरियाही डॉक्टरांना विचारा. ‘मी कधीच पुरुषाबरोबर नव्हते’ हे तुमच्याबद्दल खरं असलं तरी जोडीदाराचा आधीचा इतिहास वेगळा असू शकतो. आपल्याकडे घरच्यांनी लग्न लावून दिलेल्या, नंतर वेगळ्या झालेल्या कितीतरी जणी आहेत. तिला आरोप वाटणार नाही अशा पद्धतीने विचारा.

एचपीव्हीची लस: पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ ९ ते २६ वयासाठी आहे. त्यानंतर ४५पर्यंत दुसऱ्या लसी घेता येतात, पण फायदा कमी होत जातो, कारण काही प्रकार तोवर येऊन गेलेले असू शकतात. पंधरा वर्षांपुढे तीन डोस: आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तुमच्या जोडीदाराने घ्यावी असं मी म्हणेन. तुमच्यासाठी तपासणी जास्त महत्त्वाची. लस झाली तरी तपासणी चुकत नाही. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर दोघींनी तीही घ्या.

डॉक्टरांना काय सांगायचं, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तीन वाक्यांचं आहे. फॉर्मवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवून म्हणा: ‘माझे शरीरसंबंध येतात. माझी जोडीदार स्त्री आहे, त्यामुळे दिवस राहण्याचा प्रश्न नाही. मला एचपीव्हीची तपासणी करायची आहे.’ दुसरं वाक्य सांगायला संकोच वाटला तर पहिलं आणि तिसरं पुरेसं आहे, तपासणी तेवढ्यावर व्हायला हवी. पण जोडीदार स्त्री आहे हे कळलं तर डॉक्टर योग्य प्रश्न विचारतील, आणि नाहक गरोदरपणाची तपासणीही टळेल. ‘आई-वडिलांचा नंबर द्या’ असं कोणी म्हणालं तर देऊ नका. तुम्ही सज्ञान आहात. समलिंगी संबंध २०१८ पासून या देशात गुन्हा नाहीत, आणि तुमची माहिती घरच्यांना सांगायचा डॉक्टरला अधिकार नाही. डॉक्टर उपदेश करू लागले, ‘हे बदलता येतं’ म्हणू लागले, तर उठून दुसरीकडे जा. असे उपचार देणं हे आता व्यावसायिक गैरवर्तन मानलं जातं.

खासगीत जायचं नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे गुप्तरोगांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि एचआयव्ही तपासणी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, तीही मोफत आणि गुप्त. जवळचं केंद्र विचारायला १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी क्लिनिकमध्ये अनेकदा मायक्रोस्कोपखाली न बघता लक्षणांवरून हिरवं पाकीट देतात, ज्यात बीव्ही, ट्रायकोमोनास आणि बुरशी तिन्हींवरची औषधं एकत्र असतात. ते चुकीचं नाही. पण तुमच्या जोडीदाराचा त्रास अधूनमधून पुन्हा येतोय, म्हणून पीएच आणि मायक्रोस्कोपची तपासणी करायला सांगा, आणि दोघी एकाच दिवशी जा.